काही काम असेल तर कळवा

ताई, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, सात माणसं. सत्तर टक्के काम एकाच गिऱ्हाईकाचं, पंपाच्या शाफ्ट स्लीव्ह आणि बुश. दिवाळीनंतर त्यांनी ऑर्डर निम्म्यावर आणली. मग मी व्हिजिटिंग कार्डं, असोसिएशनची डिरेक्टरी, ओळखीपाळखी यांतून १४० नंबर गोळा केले आणि सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर हे पाठवलं: 'नमस्कार. आम्ही गेली १२ वर्षे प्रिसिजन मशीनिंग क्षेत्रात दर्जेदार सेवा देत आहोत. आमच्याकडे सीएनसी टर्निंग, व्हीएमसी, ड्रिलिंग, टॅपिंग व सर्व प्रकारचे जॉबवर्क रास्त दरात व वेळेत करून मिळेल. सोबत कंपनी प्रोफाइल जोडले आहे. एकदा सेवेची संधी द्यावी. काही काम असेल तर कळवा. भेटीची वेळ मिळाल्यास आभारी राहू.' उत्तरं आली सहा. चार 'ओके', एक अंगठा, आणि एकाने लिहिलं 'रेट पाठवा'. कशाचा, ते कळलं नाही. सगळे म्हणतात थोडक्यात लिही, एकच गोष्ट माग. पण मागायचं काय? – एक वाचक, शिरोली

*

आधी एक काम करा. ज्यांनी 'रेट पाठवा' लिहिलं, त्यांना हे वाचून संपायच्या आत उत्तर द्या: 'सर, कोणत्या भागाचा रेट देऊ? एका भागाचं ड्रॉइंग किंवा नुसती मापं आणि मटेरियल पाठवा, परवा संध्याकाळपर्यंत दर देतो.' १४० जणांत तेवढ्या एका माणसाने तुम्हाला काहीतरी करायला सांगितलंय. बाकी पाच जणांनी सभ्यपणे दार लावून घेतलं.

आता मी कुठून बोलते ते सांगते. मी एका पंपाच्या कारखान्यात सतरा वर्षं पर्चेसला होते. म्हणजे तुमच्या १४० जणांतल्या एका खुर्चीवर. असे मेसेज मला रोज यायचे, आणि 'ओके' लिहिणाऱ्या चौघांत मीही असायची. त्यात आकस कसला नव्हता. सकाळी साडेनऊला मी जागेवर बसले की पहिलं हातात यायचं ते शॉर्टेजचं पत्रक. असेंब्लीला आज काय कमी पडतंय याची यादी. त्यातल्या दोन-तीन भागांवाचून लाइन थांबणार असायची, आणि त्या भागांचे पुरवठादार फोन उचलत नसायचे. त्या गडबडीत फोनवर कुणीतरी विचारतं, 'काही काम असेल तर कळवा.' माझ्याकडे कामच काम होतं! पण ते तुमच्या कोणत्या मशीनवर बसेल, तुम्हाला काय जमतं, माझ्या तीन-चारशे भागांपैकी कोणता तुम्हाला द्यावा, हा सगळा विचार तुम्ही माझ्यावर सोपवलात. तो करायला मला अर्धा तास हवा होता. 'ओके' लिहायला दोन सेकंद पुरले.

म्हणजे तुमच्या मेसेजचा घोटाळा लांबीत नाही, मागण्यात आहे. मोजून बघा, तुम्ही चार गोष्टी मागितल्यात. प्रोफाइल बघा, संधी द्या, काम कळवा, भेटीची वेळ द्या. यातल्या एकीलाही 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देता येत नाही. तो मजकूर कापून दोन ओळींचा केला तरी 'काही काम असेल तर कळवा' उरलं की पुन्हा 'ओके'च येणार.

मग काय मागायचं? बरेच जण सांगतील की ड्रॉइंग मागा, कोटेशन देतो म्हणा. मी तसं सांगणार नाही, निदान पहिल्या मेसेजात नाही. ड्रॉइंग ही कंपनीची वस्तू. रजिस्टर नसलेल्या पुरवठादाराला ते द्यायचं तर खूप ठिकाणी साहेबांना विचारावं लागतं, गोपनीयतेच्या कागदावर सह्या घ्याव्या लागतात. म्हणजे समोरच्याच्या मनात तुम्हाला हो म्हणायचं असलं तरी त्याच्या हातात ते नसतं. भेटीचंही तसंच. पाहुणा आला की गेटपास, चहा, अर्धा तास. आणि 'रजिस्ट्रेशन करून घ्या' हे तर सर्वांत मोठं मागणं. फॉर्म, जीएसटी, बँकेचा रद्द केलेला चेक, मग क्वालिटीचा माणूस तुमचं वर्कशॉप बघायला येणार. अनोळखी माणसासाठी एवढं कोण करेल?

मागणं असं हवं, की समोरचा माणूस कुणालाही न विचारता, खुर्चीवरून न उठता, एका शब्दात हो म्हणू शकेल. तुमच्या धंद्यात असं मागणं एक आहे: 'नमुना पाठवू का?'

नमुन्याला ड्रॉइंग लागत नाही. तुमचा तुम्ही करता. त्याला फक्त पत्ता द्यायचा असतो. आणि वस्तू टेबलावर आली की पर्चेसचा माणूस ती जवळ ठेवत नाही, इनकमिंग इन्स्पेक्शनला नेऊन देतो, 'बघ रे जरा'. तिथून पुढे तुमचं बोलणं मोजणाऱ्या माणसाशी सुरू होतं. प्रोफाइलमधले मशीनचे फोटो तिथवर कधीच पोचत नाहीत.

पण कशाचा नमुना? इथे तुम्हाला छातीवर दगड ठेवून निवड करावी लागेल, आणि ती तुम्ही पत्रात स्वतःच केली आहे, शाफ्ट स्लीव्ह. सत्तर टक्के काम ज्याचं करता ते तुम्हाला बाकीच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त कळतं. ड्रिलिंग-टॅपिंग सगळेच करतात. तुम्हाला वाटेल की नुसतं स्लीव्ह लिहिलं तर बुशचं, व्हीएमसीचं काम हातचं जाईल. तसं होत नाही. एका भागात घुसलेला पुरवठादार सहा महिन्यांत पाच भाग करायला लागतो, हे मी कैक वेळा पाहिलंय. 'सर्व प्रकारचे' लिहिणारा मात्र बाहेरच उभा असतो.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. पंपाची स्लीव्ह म्हणजे शाफ्टवर चढणारी पातळ नळी. ग्लँड पॅकिंग तिच्यावर घासतं, म्हणून शाफ्ट झिजण्याऐवजी ती झिजते आणि बदलता येते. समजा एसएस ४१० ची आहे, आत बोअर ४० मि.मी., बाहेरचा व्यास ५०, लांबी ९०. भिंत फक्त ५ मि.मी.ची. बोअर एच७ मागितलेला असतो, म्हणजे ४० वर शून्य ते अधिक २५ मायक्रॉन. तुम्हाला हे रोजचं आहे, तरी लिहिते, कारण पुढचा मुद्दा याच्यावर उभा आहे.

ही नळी साध्या तीन जॉच्या चकमध्ये आवळून धरली की ती तीन ठिकाणी दबते. दबलेल्या अवस्थेत बोअर केला की तो छान गोल होतो. चक सोडला की नळी मूळ आकाराला परत उसळते आणि तो गोल बोअर किंचित तीनकोनी होतो. आणि खरा खेळ यापुढे आहे. दोन टोकांनी मोजणारं बोअर गेज घातलं तर तो तीनकोनीपणा जवळजवळ दिसतच नाही. कुठेही फिरवा, माप तेच येतं. पुरवठादाराच्या रिपोर्टात सगळं ओके, आमच्या इन्स्पेक्शनलाही ओके, आणि असेंब्लीत स्लीव्ह शाफ्टवर चढत नाही. मग फिटर लाकडी हातोडी आणतो. तीन टोकांचं गेज घातलं की तेव्हा कळतं.

आमच्याकडे यावरून एकदा चांगलंच भांडण झालं होतं. पुरवठादार म्हणत होता माप बरोबर आहे, आम्ही म्हणत होतो बसत नाही, आणि दोघंही खरं बोलत होतो. चाळीसच्या चाळीस स्लीव्ह परत गेल्या. त्यानंतर कुणी मला येऊन 'आम्ही पातळ स्लीव्ह तीनकोनी होऊ देत नाही' एवढंच म्हटलं असतं, तर मी खुर्ची ओढून दिली असती. बारा वर्षांचा अनुभव, दर्जेदार सेवा, रास्त दर हे शब्द वाचून माझ्या डोक्यात काहीच हललं नसतं. ते प्रत्येकाच्या मेसेजात असतात.

तुम्ही स्लीव्ह कशी धरता हे मला माहीत नाही. पण बारा वर्षं ती करून गिऱ्हाईक टिकवलंय, म्हणजे यावर काहीतरी उपाय तुमच्या वर्कशॉपात आहेच. बहुधा स्लीव्हच्या व्यासालाच बोअर केलेले, तिला चहूबाजूंनी कवेत घेणारे सॉफ्ट जॉ वापरत असाल, प्रेशर कमी ठेवत असाल, आणि बाहेरचा व्यास शेवटी मँड्रेलवर घेत असाल. जे खरंच करता तेच लिहा. जे करत नाही ते लिहिलंत, तर पहिल्याच फोनला समोरचा एक प्रश्न विचारेल आणि गोष्ट तिथेच संपेल.

तर मेसेज असा:

'नमस्कार … सर. शिरोलीला आमचं सीएनसी टर्निंगचं वर्कशॉप आहे. पंपाच्या शाफ्ट स्लीव्ह (shaft sleeve) करतो, एसएस ४१०, बोअर २५ ते ६० मि.मी. पातळ स्लीव्हचा बोअर चक सोडल्यावर तीनकोनी होतो, म्हणून आम्ही पूर्ण कवेत घेणाऱ्या सॉफ्ट जॉमध्ये बोअर करतो आणि बाहेरचा व्यास मँड्रेलवर घेतो. एक नमुना, तीन टोकांच्या गेजने घेतलेल्या मापांसह, तुमच्याकडे पाठवू का? – (नाव), (वर्कशॉपचं नाव)'

पन्नास-पंचावन्न शब्द. यात मी काय टाकलं नाही ते आधी बघा. बारा वर्षं नाहीत, मशीनची यादी नाही, प्रोफाइल नाही, दर नाही. दराबद्दल तुम्हाला चुटपुट लागेल. पण ड्रॉइंग बघितल्याशिवाय दिलेला दर एकतर तुम्हाला बुडवतो किंवा समोरच्याला पळवतो. 'तासाला इतके' असं लिहिलंत तर त्याहून वाईट, कारण मग समोरचा सायकल टाइम स्वतःच्या मनाने धरणार आणि तुमच्याशी त्यावर घासाघीस करणार. 'रास्त' हा शब्द तर काढूनच टाका. आजवर कुणी 'अवाजवी दरात' असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

कंसात रोमन लिपीत शब्द का, ते सांगते, कारण ही युक्ती फार कमी जणांना सुचते. तुमचा मेसेज पोचतो त्या दिवशी समोरच्याला बहुतेक वेळा तुमची गरज नसते. नवा पुरवठादार माणूस शोधतो तो जुना दगा देतो तेव्हा: माल उशिरा येतो, एखादा लॉट परत जातो, दर वाढवून मागतात, किंवा नवं पंपाचं मॉडेल निघतं. ते तीन महिन्यांनी होईल. तेव्हा मी काय करायची? फोनमध्ये शोध घ्यायची, आणि बोटं टाइप करायची `sleeve`. देवनागरीतला 'स्लीव्ह' त्या शोधात सापडत नाही. ड्रॉइंगवर, सिस्टीममध्ये भागाचं नाव जसं लिहिलेलं असतं तसं तुमच्या मेसेजात एकदा तरी असू द्या. 'सर्व प्रकारचे जॉबवर्क' कुणी कधी शोधत नाही.

भाषेचं म्हणाल तर कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे इथल्या मराठी माणसाला मराठीत लिहा, त्याला ते खटकत नाही. हैदराबादला किंवा अहमदाबादला लिहिणार असाल तर इंग्रजीत, पण तेवढंच लांब. ईमेल करणार असाल तर मजकूर हाच ठेवा आणि विषयाच्या ओळीत 'शाफ्ट स्लीव्ह, एसएस ४१०: नमुना पाठवू का?' एवढं लिहा. मोबाईलवर विषयाचे पहिले पाच-सहाच शब्द दिसतात, त्यामुळे तिथे 'व्यवसायाच्या संधीबाबत' लिहून जागा घालवू नका. जोडपत्र काहीही नको. अनोळखी माणसाची पीडीएफ उघडायला हल्ली कुणी धजावत नाही, आणि तुमची प्रोफाइल मी न बघताच सांगते, पहिल्या पानावर गणपती आणि दुसऱ्यावर 'आमचे ध्येय' आहे. असू दे. ती रजिस्ट्रेशनच्या वेळी उपयोगी पडेल.

उद्यम नोंदणीचा नंबरही पहिल्या मेसेजात काहीजण अभिमानाने टाकतात. टाकू नका. लपवायचं काहीच नाही, फॉर्मवर तो येणारच आणि यायलाच हवा. पण सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे हा २००६ च्या कायद्यातला नियम आता प्राप्तिकर कायद्यातल्या तरतुदीमुळे खरेदीदाराच्या हिशेबाला लागू झालाय; वेळेत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी त्याला तो खर्च वजा मिळतो. हा नियम तुमच्या भल्याचा आहे. फक्त ओळख व्हायच्या आधी अकाउंट्सची आठवण कशाला करून द्यायची?

आता एक गोष्ट जी मी जरा जोर देऊन सांगणार आहे. नमुना म्हणून सध्याच्या गिऱ्हाईकाची स्लीव्ह पाठवायची नाही. शेल्फवर तयार पडलेली असेल, मोह होईल. मला एकदा एका वर्कशॉपने अशाच मेसेजसोबत भागांचा फोटो पाठवला होता. भाग सुरेख होते. पण मागे टेबलावर ड्रॉइंग पसरलेलं होतं, आणि फोटो मोठा केला की आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या एका कंपनीचं नाव आणि भागाचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. मी तो फोटो साहेबांना दाखवला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, उद्या आपलंही ड्रॉइंग असंच फिरेल. त्या वर्कशॉपला आम्ही कधी बोलावलं नाही, आणि त्यांना कारणही कधी कळलं नसेल. म्हणून तुमची स्वतःची मापं ठरवा, साधी, गोल आकड्यांची: बोअर ४०, बाहेर ५०, लांबी ९०. त्याचं ड्रॉइंग स्वतः काढा, त्यावर तुमच्या वर्कशॉपचं नाव घाला. एसएस ४१० च्या बारचे तुकडे पडलेले असतीलच. अशा सहा स्लीव्ह करून, मोजून, तेल लावून ठेवा, आणि मगच पहिला मेसेज पाठवा.

हा क्रम उलटा करू नका. समोरून 'पाठवा' आलं आणि तुम्ही 'पुढच्या आठवड्यात करून देतो' म्हणालात, तर वेळेत माल देण्याबद्दल त्याला जे कळायचं ते कळलं. 'पाठवा' आल्याच्या दुसऱ्या दिवशी कुरिअर निघालं पाहिजे.

आणि म्हणूनच १४० जणांना एकदम लिहायचं नाही. आठवड्याला पाच. पाच म्हणजे प्रत्येकाबद्दल आधी दहा मिनिटं बघता येतं: हे सेंट्रिफ्यूगल पंप करतात की सबमर्सिबल, ग्लँड पॅकिंगवाले पंप करतात की सगळे मेकॅनिकल सीलचे, स्लीव्ह त्यांना लागते तरी का. तुमच्या १४० मध्ये किती जण पंपवाले आहेत, मला शंका आहे. डिरेक्टरीतून घेतलेत म्हणजे फौंड्रीवाले, साखर कारखान्याचे, ट्रॅक्टरच्या भागांचे सगळेच असतील. त्यांना स्लीव्हचं सांगून उपयोग नाही. शिवाय एकच मजकूर शेकडो अनोळखी नंबरांना गेला आणि त्यातल्या काहींनी तक्रार केली, तर व्हॉट्सअ‍ॅप तो नंबर बंद करू शकतं. तुमच्या सध्याच्या ऑर्डरी त्याच नंबरवर येत असतील.

लिहायचं कुणाला? पर्चेस मॅनेजरला सगळे लिहितात. मोठ्या कंपनीत व्हेंडर डेव्हलपमेंटचा माणूस वेगळा असतो, नवे पुरवठादार शोधणं हेच त्याचं काम, आणि त्याला तुमचा मेसेज त्रास वाटत नाही. छोट्या कंपनीत थेट मालकाला लिहिलं तरी चालतं, पण तिथे मँड्रेलचं वाक्य आणखी साधं करा: 'स्लीव्ह हातोडी न मारता शाफ्टवर चढते.' मालकाला ते लगेच कळतं. वेळ सकाळी अकरानंतर, शॉर्टेजचं पत्रक निस्तरून झाल्यावर. महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस टाळा, तेव्हा सगळा कारखाना बिलिंगच्या मागे असतो. मार्चअखेर तर पूर्णच टाळा. पिंपरी-चिंचवडकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तेवढं लक्षात ठेवा.

उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी एकदा लिहायचं. पण 'माझा मेसेज बघितलात का' असं नाही. त्याचं उत्तर 'हो' असतं आणि पुढे काही नसतं. दुसऱ्या मेसेजात मागणं आणखी लहान करा: 'नमस्कार सर, मागच्या आठवड्यात शाफ्ट स्लीव्हच्या नमुन्याबद्दल लिहिलं होतं. तुमच्याकडे टर्निंगचे भाग दुसरं कुणी बघत असेल तर त्यांचं नाव सांगाल का?' नाव सांगणं हे नमुना मागवण्यापेक्षाही सोपं आहे, आणि पुष्कळदा तुमचा पहिला मेसेज चुकीच्या माणसाकडे गेलेला असतो. सुरुवातीला मी स्वतः मोटर आणि केबल बघायचे. तेव्हाही स्लीव्हचे मेसेज मला यायचे, आणि शेजारच्या टेबलाकडे ते मी क्वचितच ढकलले. कुणी नाव विचारलं असतं तर सांगितलं असतं. या दुसऱ्या मेसेजलाही उत्तर नाही आलं की थांबा. तिसरा मेसेज पाठवू नका. सहा महिन्यांनी नवीन काही सांगण्यासारखं असेल तेव्हा बघू.

चार आठवड्यांत वीस मेसेज होतील. त्यांचं काय होतंय यावरून चूक कुठे आहे ते ओळखता येईल. एकच टिक राहिली तर नंबर जुना आहे किंवा तुम्हाला ब्लॉक केलंय, मजकुराला दोष देऊ नका. 'आम्ही स्लीव्ह घरातच करतो' किंवा 'आमच्याकडे लागत नाही' अशी उत्तरं आली तर मजकूर ठीक आहे, माणसं चुकीची निवडलीत; ती दहा मिनिटं नीट खर्च करा. 'प्रोफाइल पाठवा' येत राहिलं तर तुमचं मागणं अजून अंधुक आहे, बहुधा तुम्ही शेवटी हळूच आणखी एक वाक्य जोडलंय, 'तसेच इतर कामेही करतो' वगैरे. ते काढा. आणि वाचलं जातंय पण सगळीकडे शांतता आहे, तर मधलं वाक्य तपासा. एसएस ४१० ऐवजी ते लोक ब्राँझच्या किंवा हार्ड क्रोमच्या स्लीव्ह वापरत असतील, आणि तुमची अडचण त्यांची अडचण नसेल.

यातून वीसांत किती जण 'पाठवा' म्हणतील हे मी सांगणार नाही, कारण ते पंपाच्या बाजारावर, त्यांच्या जुन्या पुरवठादाराच्या वागण्यावर, कशाकशावर अवलंबून असतं. नमुना पास झाल्यावरसुद्धा पहिली ट्रायल ऑर्डर यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर सात माणसांचे पगार सध्याच्या गिऱ्हाईकाच्या निम्म्या ऑर्डरवरच निघायचे आहेत. म्हणून त्यांच्याशीही एकदा बसून बोला, ऑर्डर का घटली ते विचारा. पंपाची विक्री घटली की तुमच्या शेजारी दुसरा कुणी आणून बसवला? दुसरं असेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

कुरिअर करताना स्लीव्ह गंज न लागण्याच्या कागदात गुंडाळा, आणि मापांचा कागद डब्याच्या तळाशी न घालता वर ठेवा. त्या कागदावर एका बोअरची तीन मापं लिहा, दोन्ही तोंडांजवळ आणि मध्ये, आणि कोणत्या गेजने घेतली तेही. डब्यावर बाहेरून ठळक अक्षरांत 'शाफ्ट स्लीव्ह नमुना, इनकमिंग इन्स्पेक्शन' असं लिहून खाली ज्याने 'पाठवा' म्हटलं त्याचं नाव घाला, नाहीतर डबा गेटवर स्टोअरच्या रॅकमध्ये जाऊन पडेल आणि मार्चच्या मोजणीत सापडेल.